गेलेले सोळा लाख आणि हाती उरणारे सव्वापाच

तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडजवळच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये लहान मुलांच्या तयार कपड्यांचं एक दुकान आहे, असं समजा. मालक पंचेचाळिशीचा, कारखान्याच्या स्टोअर खात्यातली नोकरी सोडून धंद्यात उतरलेला. गेल्या वर्षी गुढीपाडव्याला दुकान उघडलं. मधल्या काळात लग्नसराई येऊन गेली, जूनची शाळा-खरेदी झाली, एक दिवाळी झाली. आता यंदाचे गणपती उठले आहेत आणि घरात एकाच विषयावर बोलणं चाललं आहे: सोनं गहाण ठेवून आणखी तीन लाखांचा माल भरायचा का?

दुकान रिकामं नसतं. गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं, कधी घेतं, कधी शेजारच्या शहरात किंवा मोबाइलवर घेण्यासाठी निघून जातं. सरासरी महिन्याची विक्री दीड लाखाची. मालकाला आकडे तोंडपाठ आहेत. तरीही तीन लाख घालायचे की नाही, हे ठरवताना तो आधाराला घेतो ते एकच वाक्य. ‘आता मागे फिरलो, तर घातलेले सोळा लाख पाण्यात जातील.’

या वाक्यात जी चूक दडलेली आहे, तिला अर्थशास्त्रात बुडीत खर्चाचा भ्रम म्हणतात. जो पैसा, वेळ किंवा कष्ट खर्च होऊन गेले आणि कोणत्याही निर्णयाने परत येणार नाहीत, तो बुडीत खर्च. दुकान चालू ठेवलं काय आणि बंद केलं काय, तो खर्च तेवढाच राहतो. म्हणून दोन वाटांपैकी कोणती धरावी, हे ठरवताना त्याला वजन असायला नको. माणूस मात्र नेमकं त्यालाच सगळ्यात जास्त वजन देतो.

सिनेमाच्या तिकिटात हे सहज दिसतं. मध्यंतरापर्यंत सिनेमा कंटाळवाणा निघाला आणि उरलेला भाग सुधारेल असं काहीच लक्षण दिसत नसलं, तरी बहुतेक लोक पुन्हा आत जाऊन बसतात. कारण विचारलं तर ‘तिकिटाचे पैसे दिलेत’ असं उत्तर येतं. वास्तविक तिकिटाचे पैसे गेटवरच गेले. मध्यंतराला शिल्लक प्रश्न एवढाच असतो, की पुढचा सव्वा तास आत घालवायचा की बाहेर. सिनेमात नुकसान सव्वा तासावर थांबतं. दुकानात ते दर महिन्याला नव्याने होत राहतं.

जास्त दिलेल्याचा जास्त ओढा

लोक खरोखरच असं वागतात का, हे तपासण्यासाठी हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात एक प्रयोग केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संपूर्ण नाट्यहंगामाचं तिकीट काढायला आलेल्या पहिल्या साठ जणांना त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं. एका गटाने पूर्ण १५ डॉलर भरले, दुसऱ्याला २ डॉलरची सूट मिळाली, तिसऱ्याला ७ डॉलरची. सगळे स्वतःहून पूर्ण भावाचं तिकीट घ्यायला आले होते, म्हणजे नाटकाची आवड सारखीच धरायला हरकत नव्हती. सगळ्यांची तिकिटं एकाच हंगामाची, नाटकंही तीच.

तरीही हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण पैसे भरणारे सरासरी चारपेक्षा थोड्या जास्त नाटकांना आले आणि सूट मिळालेले सव्वातीनच्या आसपास. उत्तरार्धात हा फरक उरला नाही. भरलेल्या पैशांची टोचणी महिने उलटता उलटता बोथट झाली. जॉन गुरविल आणि दिलीप सोमण यांना १९९८ मध्ये व्यायामशाळेच्या सभासदांमध्ये हेच चित्र दिसलं. सहा महिन्यांची फी भरली, की लगेच नंतर हजेरी वाढायची, मग हळूहळू घसरायची आणि पुढची फी भरल्यावर पुन्हा वर जायची.

दुकानदाराच्या बाबतीत ही टोचणी बोथट व्हायला वेळच मिळत नाही. नाट्यगृहाचं तिकीट एकदाच काढायचं असतं. दुकानाचं भाडं, कर्जाचा हप्ता आणि व्यापाऱ्याची बाकी महिन्याच्या महिन्याला खिशातून जाते. प्रत्येक नव्या रकमेबरोबर आधीच्या सोळा लाखांची आठवण ताजी होते आणि ‘इतके घातले, आता थोड्यासाठी सोडायचं कसं’ हा विचार पुन्हा डोकं वर काढतो.

यामागचं एक मोठं कारण डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. त्यांनी लोकांना दोन पर्याय दिले. एकात ३,००० चं नुकसान नक्की होणार. दुसऱ्यात ४,००० चं नुकसान होण्याची शक्यता ८० टक्के आणि काहीच नुकसान न होण्याची २० टक्के. गणिताने पाहिलं तर दुसरा पर्याय महाग आहे, कारण त्यातलं सरासरी नुकसान ३,२०० पडतं. तरीही शंभरातल्या ९२ जणांनी तोच पत्करला. हेच आकडे नफ्याचे करून विचारलं, तेव्हा मात्र ८० टक्क्यांनी हातात येणारे नक्की ३,००० पसंत केले. नफा समोर असताना सावध राहणारा माणूस नुकसान समोर दिसलं, की ते पूर्ण पुसून टाकण्याच्या आशेने डाव खेळायला तयार होतो.

दुकान बंद करणं म्हणजे पहिला पर्याय: नुकसान आज, नक्की आणि सगळ्यांना दिसेल असं. तीन लाख घालून पुढे चालवणं म्हणजे दुसरा. त्यात सगळं भरून निघण्याची छोटीशी शक्यता आहे आणि तिच्यासाठी आणखी मोठा खड्डा पत्करला जातो.

दुसरं कारण निर्णय कोणी घेतला होता, याच्याशी बांधलेलं आहे. बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कंपनीचे अधिकारी बनवलं. कंपनीच्या दोन विभागांपैकी एकाला संशोधनासाठी १ कोटी डॉलर द्यायचे होते. काही विद्यार्थ्यांनी विभाग स्वतः निवडला. काहींना मात्र ती निवड आधीच्या अधिकाऱ्याने केल्याचं सांगितलं. नंतर सगळ्यांसमोर २ कोटी डॉलर वाटून देण्याचा प्रश्न आला. स्वतः निवडलेला विभाग तोट्यात गेल्याचं कळलेल्यांनी त्याच विभागाला सुमारे १ कोटी ३० लाख दिले. बाकीच्या सगळ्या गटांची सरासरी एक कोटीच्या आतच राहिली. म्हणजे तोटा पाहून हात आखडायला हवा तिथे, निवड आपली असल्यामुळे, तो आणखी सैल सुटला.

आपल्या दुकानदाराने नोकरी सोडताना सासरच्या मंडळींचा विरोध पत्करला होता. गाळा त्याने निवडला, फर्निचर त्याने करून घेतलं, उद्घाटनाच्या पत्रिकेवर नाव त्याचं. त्याच्या जागी उद्या दुसऱ्या कोणाला बसवलं आणि तीन लाख घालायचे का असं विचारलं, तर तो माणूस सोळा लाखांबद्दल बोलणारच नाही. तो विक्रीची वही मागेल.

वहीत काय दिसतं

ती वही उघडून पाहू. दुकान थाटताना २ लाख डिपॉझिटला गेले. फर्निचर, पीओपी, लायटिंग, काच, बोर्ड आणि एसी यांना ६ लाख लागले. पहिला माल ७ लाखांचा भरला. परवाने, जाहिरात आणि उद्घाटन मिळून १ लाख. एकूण १६ लाख. त्यातले १० लाख स्वतःच्या शिलकीतले आणि ६ लाख बँकेच्या पाच वर्षांच्या कर्जातले. कर्जाचा हप्ता १३ हजार आणि दीड वर्षानंतर मुद्दल बाकी सुमारे साडेचार लाख.

या सोळा लाखांपैकी खरोखर बुडालेले किती, हा पहिला प्रश्न. सगळे बुडालेले नाहीत. डिपॉझिट जागा सोडताना परत मिळतं. पीओपी, वायरिंग आणि भिंतीत बसवलेली लाकडी कामं काढून विकता येत नाहीत, पण एसी, काउंटर, सुटे रॅक आणि पुतळे मिळून ९० हजार येतील असं धरू. दुकानात आज खरेदीच्या भावाने साडेपाच लाखांचा माल आहे. त्यात गेल्या सीझनचा माल आहे, काही डिझाइनमध्ये मधले साइज संपून टोकाचे तेवढे उरले आहेत. काही सेलमध्ये आणि काही लॉटने काढला, तर त्याचे निम्मे, म्हणजे पावणेतीन लाख सुटतील. सगळे मिळून ५ लाख ६५ हजार. गाळा पूर्ववत करून देणं, मुलीचा राहिलेला पगार, टेम्पो आणि सेलचे बॅनर यांना ४० हजार. हाती उरतात सव्वापाच लाख.

म्हणजे पावणेअकरा लाख कोणत्याही वाटेने परत येत नाहीत. ते हिशेबातून बाहेर काढायचे. उरलेले सव्वापाच लाख मात्र हिशेबात हवेत, कारण आज दुकान बंद न करणं म्हणजे ते सव्वापाच लाख याच दुकानात पुन्हा गुंतवणं. आणि तो आकडा एका जागी थांबत नाही. माल जुना होतो, तशी त्याची किंमत उतरते. भाडं थकलं, की ते डिपॉझिटमधून वळतं होतं. तोट्यातल्या दुकानात ‘चार महिन्यांचं भाडं राहिलंय, पण डिपॉझिट आहे ना’ असं बोललं जातं, तेव्हा परत मिळणारा पैसा महिन्यागणिक बुडीत खात्यात जात असतो.

आता चालू महिन्याकडे पाहू. दीड लाखाच्या विक्रीवर ३० टक्के सुटतात, म्हणजे ४५ हजार. भाडं २५ हजार, दुकानात ठेवलेल्या मुलीचा पगार १२ हजार, वीज, मेंटेनन्स, पिशव्या आणि किरकोळ मिळून ११ हजार. खर्च ४८ हजार, महिन्याला ३ हजारांची खोट. मालक म्हणतो, ‘तीन हजारांचाच प्रश्न आहे.’

तीन हजारांच्या पाठीमागे आणखी तीन रकमा उभ्या आहेत आणि त्यातली एकही गल्ल्यातून जाताना दिसत नाही. पहिली रक्कम त्याच्या स्वतःच्या पगाराची. तो सकाळी दहा ते रात्री नऊ दुकानात बसतो आणि एक रुपया घेत नाही. जुनी नोकरी नाही मिळाली, तरी त्याच्या अनुभवावर २२ हजारांची मिळेल असं धरू. दुसरी रक्कम मालाच्या घसरत्या किमतीची, महिन्याला ८ हजार. तिसरी व्याजाची. सव्वापाच लाख मोकळे झाले, तर साडेचार लाखांचं कर्ज फेडून महिन्याचं सुमारे ४ हजार व्याज वाचेल. मुदतीआधी फेडताना बँक काही आकार लावते का, ते कर्जाच्या कागदात पाहायचं. कर्जाचं मुद्दल मात्र या तुलनेत येत नाही, कारण दुकान चालो वा न चालो, ते फेडायचंच आहे.

३, २२, ८ आणि ४ मिळून महिन्याला ३७ हजार. दुकान आहे तसं आणखी एक वर्ष चालवण्याची किंमत ४ लाख ४४ हजार.

आणि नवे तीन लाख? सोनेतारण कर्जाचं व्याज महिन्याला ३ हजार धरलं, तर दुकानाला ४० हजार जास्त सुटायला हवेत. ३० टक्क्यांच्या हिशेबाने त्यासाठी विक्री १ लाख ३३ हजारांनी वाढायला हवी. दीड लाखावरून २ लाख ८३ हजारांवर, जवळपास दुप्पट. प्रश्न आता नीट विचारता येतो. तीन लाखांच्या मालाने विक्री दुप्पट होईल असं मानायला कोणता आधार आहे? गिऱ्हाईक परत जातं ते माल कमी आहे म्हणून, की भाव जास्त आहे म्हणून, की कॉम्प्लेक्समध्ये पार्किंग नाही म्हणून? साइज नसल्यामुळे परत गेलेल्यांची महिनाभर नोंद ठेवली, तर याचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं. दिवसाला चार-पाच गिऱ्हाइकं निव्वळ साइजअभावी जात असतील, तर माल भरण्यात अर्थ असू शकतो. भाव ऐकून जात असतील, तर नवा मालही तसाच पडून राहील.

या संपूर्ण आकडेमोडीत सोळा लाख हा आकडा कुठेच आला नाही.

हाच नियम दुकान चालू ठेवायलाही सांगतो

बुडीत खर्च सोडून द्या, याचा अर्थ धंदा सोडून द्या असा अनेकजण घेतात. ते खरं नाही. शेजारच्याच गाळ्यात असंच दुकान आहे, तेवढ्याच खर्चाने थाटलेलं, पण विक्री महिन्याला ३ लाखांची. ३० टक्क्यांनी ९० हजार सुटतात. गिऱ्हाईक जास्त म्हणून खर्च थोडा वाढून ५० हजार. हातात ४० हजार राहतात.

हा मालक हिशेबाला पक्का आहे. त्याने फर्निचरचे ६ लाख पाच वर्षांत वाटले आणि दरमहा १० हजार घसारा धरला. चाळिसातून दहा गेले, तीस राहिले. मग त्याने विचार केला: नोकरीचे २२, मालाची घसरण ८ आणि वाचणारं व्याज ४, म्हणजे ३४ हजार सोडून आपण ३० हजारांसाठी दुकानात बसतो. बंद केलेलं बरं.

इथेही तोच भ्रम आहे, फक्त उलट्या बाजूने. सहा लाख गेलेले आहेत. बंद केल्याने पीओपीचे पैसे परत येत नाहीत, मग चालू ठेवण्याच्या खात्यावर ते दरमहा कशासाठी टाकायचे? विकता येण्याजोग्या रॅक आणि एसीची किंमत महिन्याला हजारभर रुपयांनी उतरत असेल, तेवढीच धरायची. एकोणचाळीस विरुद्ध चौतीस. या मालकाने दुकान चालू ठेवण्यातच फायदा आहे. फर्निचर जुनं होऊन पुन्हा पैसे घालायची वेळ येईल, तेव्हा घसाऱ्याचा प्रश्न खरा होईल, कारण तेव्हा ते सहा लाख खर्च व्हायचे असतील.

घसारा आयकराच्या हिशेबात आणि ताळेबंदात हवाच. तिथे त्याचं काम वेगळं आहे. पुढे काय करायचं हे ठरवताना मात्र वहीतल्या प्रत्येक रकमेला एकच प्रश्न विचारायचा: दुकान बंद केलं, तर ही रक्कम बदलेल का? बदलत असेल तर ती धरायची, नसेल तर सोडायची. भाडेकरारात लॉक-इन कालावधी असेल, तर त्या मुदतीचं भाडं दुकान बंद केलं तरी द्यावं लागतं. म्हणून तेवढ्या महिन्यांचं भाडंही या परीक्षेत गळून पडतं आणि एखादं तोट्यातलं दुकान लॉक-इन संपेपर्यंत चालवणंच स्वस्त ठरतं. लीव्ह अँड लायसन्सचा नोंदणी केलेला करार कपाटातून बाहेर काढून लॉक-इनची तारीख आणि नोटिशीची मुदत वाचणं, हे या निर्णयातलं फार महत्त्वाचं काम आहे.

थांबायचं कधीपर्यंत

पहिल्या दुकानदाराकडे परत येऊ. त्याने आज शटर ओढावं का? त्याच्यासमोर दिवाळी आहे आणि दिवाळी ही पुढची गोष्ट आहे, मागची नाही. गेल्या दिवाळीच्या महिन्यात त्याची विक्री चार लाखांची झाली होती. यंदा नवा माल न भरता हातातल्या मालातून अडीच लाखांचीच विक्री झाली, तरी खरेदीच्या भावाने १ लाख ७५ हजारांचा माल पूर्ण किमतीला बाहेर पडतो. लॉटमध्ये त्याचे जेमतेम ८८ हजार आले असते. त्या महिन्याचा ४८ हजारांचा खर्च, बुडालेला पगार आणि व्याज धरूनही तेवढं थांबणं परवडतं. हे थांबणं भ्रमाचं नाही, कारण त्यामागे पुढचा आकडा आहे.

भ्रम आहे की हिशेब, हे ओळखायची खूण इथेच मिळते. चालू ठेवण्याची कारणं सांगताना माणूस फक्त झालेल्या गोष्टी सांगत असेल, इतके घातले, एवढी वर्षं दिली, लोकांना दाखवून देणार होतो, तर तिथे बुडीत खर्च बोलतो आहे. कारणांत येणारा सीझन, वाढती गिऱ्हाइकी किंवा उतरणारा खर्च असेल, तर ती तपासता येतात. तपासताना सप्टेंबरची तुलना ऑगस्टशी करू नये, गेल्या सप्टेंबरशी करावी. लहान मुलांच्या कपड्यांचा धंदा सणावारावर आणि लग्नसराईवर चालतो. दिवाळीचा फुगलेला महिना पाहून ‘दुकान उठलं’ असं वाटणं आणि श्रावणात ‘बसलं’ असं वाटणं, दोन्ही सारखंच फसवं.

‘पुढचा सीझन बघू’ ही पळवाट बंद करण्याचा एक उपाय मर्यादा आधी ठरवण्याचा आहे, आणि तीही डोकं शांत असताना, शक्यतो दुकान उघडण्याच्याच दिवशी. ती कागदावर असावी आणि तिच्यात तारीख आणि आकडा दोन्ही असावेत. उदाहरणार्थ, दुसऱ्या वर्षातल्या सहा महिन्यांची विक्री पहिल्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांपेक्षा २५ टक्क्यांनी वाढलेली नसेल, तर नवं भांडवल घालायचं नाही. तो कागद ज्याच्या नावावर धंदा नाही अशा माणसाकडे ठेवावा, बहिणीकडे, मित्राकडे किंवा हिशेब पाहणाऱ्या सीएकडे. स्टॉ यांच्या प्रयोगात निर्णय ज्यांचा नव्हता त्यांचाच हात आवरला, हे इथे उपयोगी पडतं.

मोठ्या कंपन्यांनाही हे सोपं जात नाही. १९८५ च्या सुमारास इंटेल कंपनी जपानी स्पर्धेमुळे मेमरी चिपच्या धंद्यात मार खात होती. कंपनीची सुरुवातच मेमरीपासून झाली होती. अँडी ग्रोव्ह यांनी आपल्या पुस्तकात लिहिलं आहे, की त्यांनी गॉर्डन मूर यांना विचारलं: आपल्याला काढून संचालकांनी नवा प्रमुख आणला, तर तो काय करेल? मूर यांचं उत्तर होतं, की तो मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच बाहेर जाऊन, परत आत येऊन तेच का करू नये, असं ग्रोव्ह म्हणाले. कंपनीने मेमरीचा धंदा सोडला आणि मायक्रोप्रोसेसरवर भर दिला. तालुक्याच्या दुकानाला हाच प्रश्न असा विचारता येतो: आज हे दुकान नसतं आणि खिशात सव्वापाच लाख मोकळे असते, तर याच गाळ्यात, याच भाड्याने, हाच माल भरला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तीन लाखांचाही निकाल लागतो.

बंद करण्याचा क्रम

निकाल लागल्यावर काम संपत नाही, कारण सव्वापाच लाख हा आकडा कागदावर आहे. तो हाती येईल की साडेतीनच येईल, हे बंद करण्याच्या क्रमावर ठरतं. सगळ्यात आधी नवी खरेदी थांबवायची आणि व्यापाऱ्यांकडे बदलून किंवा परत जाण्याजोगा माल पाठवायचा. कपड्यांच्या होलसेलमध्ये हे दिवाळीआधी जमण्याची शक्यता जास्त असते, नंतर तो माल त्यांनाही नको असतो. नोटिशीचा महिना दिवाळीच्या महिन्यावर येईल अशा बेताने गाळेमालकाला लेखी नोटीस द्यायची, म्हणजे भाड्याचा शेवटचा महिना विक्रीचा ठरतो. डिपॉझिटमधून काय कापलं जाणार, रंगकाम कोणाकडे, विजेचं शेवटचं बिल कोणाचं, हे त्याच वेळी लिहून घ्यायचं.

दिवाळीत पूर्ण भाव. मग दहा-बारा दिवस सेल, आणि उरलेला माल लॉटने. रॅक आणि एसी शेवटी विकायचे, पण गिऱ्हाईक आधी बघून ठेवायचं, कारण गाळा रिकामा करायच्या दिवशी विकायला काढलेलं सामान भंगाराच्या भावाने जातं. जीएसटी नोंदणी असेल, तर माल संपेपर्यंत ती रद्द करायची घाई करू नये. रद्द करताना शिल्लक मालावर आधी घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट परत भरावं लागतं, म्हणून मागे जितका कमी माल, तितकी ही रक्कम कमी. नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरायचं असतं. ते राहिलं, तर विलंब शुल्क लागतं. हाती आलेल्या पैशांतून आधी साडेचार लाखांचं कर्ज फेडायचं, बँकेकडून ना हरकत दाखला घ्यायचा आणि उरलेले पाऊण लाख नवी नोकरी लागेपर्यंतच्या घरखर्चाला ठेवायचे. सोनं गहाण ठेवायची वेळ आलेलीच नसते.